श्रावणातली अंडी: तेलाचा हात आणि चुन्याची निवळी

श्रावण लागला की आमच्या घरात अंडं फुटत नाही आणि वाडीत कोणी विकतही घेत नाही. आषाढी अमावास्येपर्यंत दारात येऊन अंडी मागणारी माणसं दुसऱ्या दिवसापासून यायची थांबतात, ती थेट गणपती गेल्यावर परत येतात. कोंबड्या मात्र घालत राहतात. आमच्याकडे काही गावठी आणि काही वनराजा या सुधारित जातीच्या आहेत. गावठी खुडूक बसल्या तरी वनराजांची अंडी चालूच असतात. म्हणजे महिना-दीड महिना रोजची अंडी साठत जातात, आणि नेमकं भाद्रपद-आश्विनात कोंबड्यांची पिसं झडायला लागली की अंडी कमी होतात, तेव्हा गिऱ्हाईक उभं असतं.

फ्रिज आहे, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात एकदा लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. गार झालेलं अंडं दमट हवेत बाहेर राहिलं की त्याला घाम सुटतो आणि त्या ओलीतून कवचावरची घाण आत शिरते. त्यामुळे अर्धवट चालणाऱ्या फ्रिजपेक्षा अंडी बाहेरच टिकवता आली तर बघावं, असं मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या आईकडं चुन्याच्या निवळीत ठेवायचे गो. आणि थोडी असली तर खोबरेल चोळून तुसात.” दोन्ही रीती मी एकाच श्रावणात शेजारी शेजारी करून बघितल्या, सोबत काहीच न केलेली अंडीही ठेवली. त्याचं सगळं खाली लिहिते, कारण या दोन रीती एकच काम करतात असं सगळे धरून चालतात, आणि तसं मुळीच नाही.

आधी अंडं बिघडतं म्हणजे काय होतं ते बघायला हवं. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात. घातल्या क्षणापासून त्यांतून आतली वाफ बाहेर जाते, म्हणून आतली हवेची पोकळी वाढत जाते. त्याचबरोबर पांढऱ्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, आणि तो सगळ्यात जास्त जातो पहिल्या काही तासांत. वायू गेला की पांढऱ्याचा सामू साडेसातच्या आसपासून नऊच्या वर चढतो, आणि बलकाभोवतीचं घट्ट पांढरं सैल पडून पाण्यासारखं होतं. पुढे बलकाची पातळ पिशवीही कमजोर होते. हे झालं अंड्याचं म्हातारपण. नासणं वेगळं. नासायला जंतू आत जावे लागतात. म्हातारं अंडं खाता येतं, नासलेलं येत नाही.

घरच्या अंड्यांत तिसरीही एक भानगड असते. कळपात कोंबडा असला की अंडी फळलेली असतात. गर्भ साधारण एकवीस अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो आणि श्रावणात आमच्याकडे रात्रीसुद्धा पंचवीस-सव्वीसच्या खाली जात नाही. उबवणीला पुरेल एवढी ऊब नाही आणि झोपून राहील एवढा गारवाही नाही, तेव्हा गर्भ थोडा वाढतो आणि मरतो, आणि तिथून अंडं खराब होतं. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांवर केलेले प्रयोग वाचून गावठी अंडी साठवणाऱ्यांची फसगत इथेच होते. कोंबडा वेगळा केला तरी पुढचे दोन-तीन आठवडे अंडी फळलेली येऊ शकतात.

म्हणून निवड फार महत्त्वाची. मी दिवसातून दोनदा अंडी उचलत होते. खुडूक कोंबडीखालचं एकही घेतलं नाही, कारण दोन दिवस तिच्या अंगाखाली राहिलेलं अंडं बाहेरून ताजं दिसलं तरी आत काम सुरू झालेलं असतं. संध्याकाळी अंधारात प्रत्येक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरायचं. केसासारखी चीर असली तर उजेडात पांढरी रेघ स्पष्ट दिसते. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकावली तरी कळतं: धड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. शेण-माती लागलेलं बाजूला. धुवायचं मात्र नाही. अंडं घालताना कोंबडी कवचावर एक पातळ लेप सोडते, तो सुकून भोकं बऱ्यापैकी बुजवतो. पाण्याने तो लेप जातो, आणि गार पाण्याने अंडं आतून आक्रसलं की तेच घाणेरडं पाणी भोकांतून आत ओढलं जातं.

आता तेल. खोबरेल घरात होतं, पण मी निम्म्या अंड्यांना खोबरेल आणि निम्म्यांना औषधाच्या दुकानात मिळतं ते बिनवासाचं लिक्विड पॅराफिन लावलं. तळहातावर चमचाभर तेल घेतलं की डझनभर अंडी सहज होतात. जास्त तेलाने काही जास्त होत नाही, उलट अंडी चिकट राहून धूळ धरतात. बोटांनी सगळीकडून चोळायचं, रुंद टोकाला विशेष लक्ष देऊन, कारण हवेची पोकळी तिथे असते आणि तिथल्या कवचाला भोकंही जास्त असतात. मग ट्रेमध्ये निमुळतं टोक खाली करून ठेवायचं, म्हणजे बलक मधे राहतो. अंडं अगदी कोरडं हवं. दमट अंड्यावर तेल चोळलं तर ओल आणि जंतू दोन्ही तेलाखाली कोंडले जातात.

वेळ हा इथला खरा मुद्दा आहे. सकाळी घातलेलं अंडं दुपारपर्यंत तेलात आलं पाहिजे. दोन-तीन दिवस जमवून एकदम डझनभर चोळायची म्हटलं तर जो वायू अडवायचा तो आधीच गेलेला असतो, आणि मग तेल फक्त वाफ अडवतं. फळलेल्या अंड्यातला गर्भही तेलाने गुदमरतो. अमेरिकेत शहरांतल्या तळ्यांवर कॅनडा गूज फार वाढू नयेत म्हणून त्यांच्या घरट्यातल्या अंड्यांना मक्याचं तेल लावतात, ते याच कारणाने. मात्र गर्भ अगदी सुरुवातीलाच थांबला तरच त्याचा उपयोग. वाढून मेलेला गर्भ बंद कवचात नासतो.

निवळीला जास्त तयारी लागली. भिंतीला लावायचा पुडीतला चुना घ्यायचा नाही, त्यात डिंक, नीळ काहीही असू शकतं. मी पानाच्या टपरीला चुना पुरवणाऱ्याकडून कळीचा चुना आणला. पाच लिटर पाण्याला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम कळी लागते. कळी स्टीलच्या पातेल्यात ठेवून वर थोडं थोडं पाणी घालायचं. ती फुगते, तडकते, रटरट उकळते आणि शिंतोडे उडतात. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा लावून, पोरांना दूर ठेवून, मागच्या पडवीत हे केलं. अॅल्युमिनियमचं पातेलं वापरायचं नाही, चुना ते खातो. चुना विरून पूर्ण निवला की उकळून गार केलेलं उरलेलं पाणी घालायचं, ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वर आरशासारखी निवळी आणि खाली दह्यासारखा साका दिसतो.

एवढा चुना कशाला, असं वाटतं, कारण लिटरभर पाण्यात विरघळतो जेमतेम पावणेदोन ग्रॅम. बाकीचा शिल्लक म्हणून तळाशी लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीतला चुना खात राहतो आणि वर सायीसारखा पापुद्रा धरतो. खाली साका असला तर खर्च झालेला चुना परत विरघळतो आणि निवळीचा जोर टिकतो. नुसती वरची निवळी ओतून घेतली तर काही आठवड्यांत ती साध्या पाण्याजवळ येऊ शकते. तो वरचा पापुद्रा मोडायचा नाही, तोच झाकण असतो. सासूबाईंनी निवळीची परीक्षा हळदीने करायला सांगितली: कागदावर ओली हळद लावून त्यावर थेंब टाकायचा, लाल झाला पाहिजे. हळद आणि चुन्याचं कुंकू करतात तेच हे. पण हळद अगदी थोड्या चुन्यानेही लाल होते, त्यामुळे निवळी अर्धी मेली असली तरी रंग येतो. त्यापेक्षा वाटीभर निवळी वेगळी काढून तिच्यात नळीने फुंकर मारायची, ओढायचं नाही. लगेच दुधाळ झाली तर जोर आहे.

अंडी चिनी मातीच्या बरणीत एकेक करून हाताने सोडली, निमुळतं टोक खाली. वर चार बोटं निवळी हवी. रोजची नवी अंडी त्याच बरणीत घालता येतात, हा या रीतीचा मोठा फायदा. फक्त सगळ्यात जुनी तळाशी जातात आणि आधी वापरायला तीच लागतात, म्हणून मी पंधरवड्याला एक अशी छोट्या बरण्यांत वाटणी केली. अंडी पाण्यात राहायला नको असतील त्यांच्यासाठी कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतून दुसरी एक कृती देतात: एक किलो कळीवर लिटरभर उकळतं पाणी, निवल्यावर आणखी पाच लिटर पाणी आणि पाव किलो मीठ, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात अंडी सोळा-अठरा तास ठेवायची आणि सावलीत सुकवायची. त्याने भोकं बुजतात आणि बाहेर तीन-चार आठवडे निघतात. मला दीड महिना हवा होता, म्हणून मी बरणीच धरली.

तपासायला श्रावणात अडचण अशी की अंडं स्वयंपाकघरात फुटायचं नाही. मी पडवीतच पांढरी ताटली आणि वाटी ठेवली होती, आणि तपासून झालेलं उकडून कुत्र्याला. प्रत्येक वेळी तिन्ही ढिगांतली काही अंडी ताटलीत फोडायची, पांढरं किती पसरलं, बलक किती उंच राहिला ते शेजारी शेजारी बघायचं.

नारळी पौर्णिमेलाच फरक डोळ्यात भरला. काही न लावलेल्या अंड्याचं पांढरं ताटलीभर धावलं, बलक चपटा, आणि काहींत गर्भाच्या लाल दोऱ्यांची जाळी. तेलाच्या अंड्याचं पांढरं बलकाभोवती गोळा होऊन उभं होतं आणि किंचित दुधाळ दिसत होतं. तो दुधाळपणा पाहून बिघडलं असं वाटतं, पण तो अडकून राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, अगदी ताज्या अंड्यातही असतो. निवळीतलं अंडं या दोघांच्या मधलं निघालं: बलक गोल, पण पांढरं तेलाच्या अंड्याहून पातळ. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी तेल जिंकलं म्हणून सांगितलं असतं.

गोकुळाष्टमीला न लावलेल्यांवर बाहेरून काळे-हिरवे ठिपके आले होते. इतक्या दमट हवेत बुरशी कवचावरही धरते. त्यातली बरीच फोडताच वास आला आणि तो ढीग मी तिथेच संपवला. तेलाची ठीक होती. खोबरेलाच्या अंड्यांना मात्र खवट वास यायला लागला होता आणि तो तळलेल्या अंड्यातही उतरतो. पॅराफिनच्या अंड्यांना काही नाही. म्हणून खोबरेल वापरायचं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत संपणाऱ्या अंड्यांनाच, असं माझं मत झालं.

पिठोरी अमावास्येपासून चित्र उलटलं. तेलाच्या बहुतेक अंड्यांचा बलक अजून धड होता, पांढरंही निवळीतल्यांपेक्षा घट्ट, पण अधूनमधून एखादं पूर्ण नासलेलं निघू लागलं: पांढरं करड्या-हिरव्या रंगाचं, बलक काळपट, आणि कवच टिचताच फस्सकन वायू. तेलाने भोकं बुजल्यामुळे तो वायू आतच कोंडलेला असतो, म्हणून बाहेरून वाससुद्धा येत नाही. अनंत चतुर्दशीला तेलाच्या साधारण सहा-सात अंड्यांमागे एक असं निघालं. निवळीत मात्र शेवटपर्यंत नासकं सापडलं नाही. फक्त ती अंडी म्हातारी झाली होती: पांढरं पाण्यासारखं, बलकाची पिशवी इतकी नाजूक की वाटीत सोडताना बहुतेक फुटतच होती.

दोन रीतींचा फरक मला तिथे नीट कळला. तेल वायू अडवतं, म्हणून अंडं तरुण राहतं, पण तेलाला जंतू मारता येत नाहीत. जे आधीच आत गेले ते आतच वाढतात. चुन्याची निवळी सामू साडेबाराच्या आसपास असलेलं जालीम पाणी आहे, त्यात कवचावर काही जगत नाही आणि बाहेरून आत काही जात नाही. पण आतलं म्हातारपण ती फारसं थोपवत नाही. पूर्ण उकडलेलं किंवा अख्ख्या बलकाचं, पण घट्ट तळलेलं अंडं हवं असेल तर तेल आणि तीन-चार आठवड्यांची मर्यादा. भुर्जी, पोळा, घावनात फेटून घालायला हवं असेल तर निवळी, आणि मग मुदत कितीतरी लांब. ऑगस्टमध्ये बरणीत घातलेली काही अंडी मी दिवाळीनंतर काढली, भुर्जी चांगली झाली. चवीला किंचित तुरट, तिखट-मीठ पडल्यावर ओळखू न येणारी.

ज्या परीक्षेवर सगळ्यांचा भरवसा असतो ती मात्र या अंड्यांवर चालत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. अंडं पाण्यात टाकायचं, बुडालं तर ताजं, तरंगलं तर टाकून द्यायचं. तरंगतं ते आतली वाफ जाऊन पोकळी मोठी झालेली असते म्हणून. तेलाने वाफ अडवलेली असते आणि निवळीतलं अंडं तर पाण्यातच असतं. त्यामुळे दीड महिन्याचं अंडंही दगडासारखं तळाशी जातं. माझं नासलेलं एक अंडंसुद्धा मुकाट बुडालं होतं. टॉर्चवर धरून बघणं थोडं उपयोगी पडतं: आत सगळीकडे काळोख दिसला की ते अंडं न फोडता लांब नेऊन पुरायचं. पण खात्रीची रीत एकच, प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, वास घ्यायचा आणि मगच पातेल्यात ओतायचं. दहा अंड्यांच्या भुर्जीत अकरावं थेट फोडायचं नाही.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती गंभीर आहे. साल्मोनेला जातीचे काही जंतू कोंबडीच्या अंगातूनच, कवच तयार होण्याआधी अंड्यात उतरतात. बाहेरून तेल लावा की चुना, त्यांना काही होत नाही, आणि गरम हवेत ठेवलेल्या अंड्यात त्यांना वाढायला भरपूर वेळ मिळतो. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवलं की ते मरतात. म्हणून साठवलेलं अंडं मी कच्चं दुधात घालायला, मेयोनेझला किंवा अर्धवट उकडायला कधीच देत नाही. बाळंतीण, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी त्या दिवशीचं अंडं वेगळं ठेवते.

उकडताना दोन गोष्टी लक्षात आल्या. निवळीतल्या अंड्याची भोकं चुन्याने बंद असतात, गरम झालेल्या हवेला वाट मिळत नाही आणि कवच फुटून पांढरं बाहेर येतं. आधी धुऊन रुंद टोकाला सुईने बारीक भोक पाडलं की धड निघतं. तेलाचं अंडं उकडून सोलायला त्रास देतं, ताज्यासारखंच पांढरं कवचाला चिकटून येतं, कारण त्याचा सामू चढलेला नसतो.

आता श्रावणात मी अंडी सरळ वाटते. पहिल्या पंधरवड्यातली निवळीत जातात, कारण त्यांना सगळ्यात लांबचा पल्ला काढायचा असतो. नंतरची पॅराफिन लावून ट्रेमध्ये, आणि लाईट असेल तेव्हा तेच ट्रे फ्रिजमध्ये. तेल आणि गारवा एकत्र मिळाला तर त्याची सर दुसऱ्या कशालाही नाही, आणि लाईट गेल्यावर तेल लावलेलं अंडं बिनतेलाच्या अंड्यापेक्षा जास्त तग धरतं. विकताना तारीख सांगून, दर कमी करून देते. एप्रिल-मे महिन्यात यातलं तेलाचं गणित चालत नाही. तेव्हा आमच्या पडवीत दुपारी तेहतीस-चौतीस अंश असतात, तेल लावलेलं अंडंही पंधरवड्यात सैल होतं, आणि निवळीची बरणीसुद्धा माजघरात, जमिनीवर, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागते.